वाचनवर्गाचा परिणाम मोजायचा असेल तर कोणती चाचणी घ्यावी?

समजा, एका संस्थेला पाचवीतील 60 मुलांसाठी तीन महिन्यांचा वाचनवर्ग घ्यायचा आहे. त्यातून वाचन सुधारले का, हे आधी आणि नंतर चाचणी घेऊन पाहायचे आहे. पाचवीच्या पातळीची लेखी परीक्षा, ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीच्या पद्धतीची स्तरनिहाय तोंडी चाचणी आणि एका मिनिटात अचूक वाचलेले शब्द मोजणारी चाचणी, असे तीन पर्याय समोर आहेत. निवड चुकली, तर मुले प्रत्यक्षात पुढे जाऊनही आकडे जागचे हलत नाहीत.

लेखी परीक्षा घेणे सोपे असते, एका तासात सगळा वर्ग उरकतो. पण ती 20 प्रश्नांची आणि प्रत्येकी चार पर्यायांची असेल, तर ज्याला एक शब्दही वाचता येत नाही, त्यालाही अंदाजाने खुणा करून सरासरी 5 गुण मिळतात आणि नशिबाच्या चढउताराने ते बहुतेकदा 3 ते 7 च्या दरम्यान राहतात. तोच मुलगा तीन महिन्यांत अक्षरांवरून सोप्या शब्दांवर आला, तरी पाचवीचा उतारा त्याच्या आवाक्याबाहेरच असतो आणि गुण पुन्हा 5 च्या आसपासच पडतात. यालाच तळ परिणाम म्हणतात. मुलाची प्रगती जिथे झाली, तिथे मोजपट्टी पोहोचतच नाही. मागे पडलेल्या मुलांच्या वर्गासाठी ही परीक्षा मी सुचवणार नाही.

‘असर’ची चाचणी खालची बाजू चांगली पकडते. मूल अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी कुठवर वाचते, हे पाच-सात मिनिटांत कळते. अक्षरस्तरासाठी पाचपैकी किमान चार अक्षरे बरोबर यावी लागतात, शब्दांनाही तोच निकष आहे. मात्र या पट्टीला वर छत आहे. पूर्वचाचणीतच गोष्ट वाचणारे मूल पुढे कितीही सफाईने वाचू लागले, तरी त्याला चढायला पायरी उरत नाही. 60 पैकी 25 मुले आधीच गोष्टस्तरावर असतील, तर वाढ फक्त उरलेल्या 35 मुलांतच दिसू शकते आणि त्यावरून ‘हा वर्ग कच्च्या मुलांनाच उपयोगी पडला’ असा निष्कर्ष निघतो, जो कदाचित वर्गाबद्दल नसून केवळ पट्टीबद्दल असतो. शिवाय पायऱ्यांची उंची सारखी नाही. मराठीत अक्षर आणि शब्द यांच्या मध्ये बाराखडी येते. काना, मात्रा, वेलांटी शिकण्यात महिना घालवलेले मूलही नोंदीत ‘अक्षरस्तर’च राहू शकते.

शब्दगती मोजणाऱ्या चाचणीत अंतरे बारीक असतात आणि छत बरेच उंच असते. तिची अडचण दुहेरी आहे. अक्षरस्तरावरचे मूल इथे शून्यावर अडकते, म्हणजे तळ परिणाम इथेही आहेच, त्यामुळे जोडीला अक्षरांची आणि बाराखडीची वेगळी उपचाचणी घ्यावी लागते. दुसरी अडचण मापनातील त्रुटीची. समजा, गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप, 20 शब्द आहे आणि चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा घेतल्यास तेच गुण येण्याची खात्री, 1 पैकी 0.91 आहे. तर एका मापनाची त्रुटी 20 गुणिले 0.09 चे वर्गमूळ, म्हणजे 6 शब्द होते. आधी आणि नंतर अशी दोन मापने वजा केली की ती सुमारे 8.5 होते आणि 95 टक्के खात्रीसाठी एका मुलात जवळपास 17 शब्दांचा फरक दिसावा लागतो. एखादी मुलगी 22 वरून 32 शब्दांवर गेली, तर तिची प्रगती खरी असू शकते; पण केवळ या दोन आकड्यांवरून तसे ठामपणे सांगता येत नाही.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण निवड त्यावरच ठरते. यादृच्छिक त्रुटी, म्हणजे योगायोगाने कधी वर तर कधी खाली जाणारी चूक, मुलांची संख्या वाढवली की सरासरीत विरते. 60 मुलांच्या सरासरी बदलात त्या 8.5 शब्दांच्या त्रुटीचा वाटा जेमतेम 1.1 शब्द उरतो. तळ आणि छत यांचे तसे नाही. 60 ऐवजी 6,000 मुले घेतली, तरी तळाशी किंवा छताला टेकलेल्या मुलांची वाढ नोंदली जात नाही. उलट चुकीचाच आकडा अधिक खात्रीने हाती येतो.

म्हणून माझा कौल असा आहे की स्तरनिहाय चाचणी आधी, केवळ मुले कुठे उभी आहेत हे पाहण्यासाठी घ्यावी. साधारण 15 टक्क्यांहून अधिक मुले एखाद्या टोकाला असतील, तर ती परिणाम मोजण्याची मुख्य पट्टी करू नये. बहुतेक मुले शब्दस्तरावर किंवा त्यापुढे असल्यास शब्दगती घ्यावी, बरीच अक्षरांवर अडली असल्यास बाराखडीची उपचाचणी मुख्य मानावी. शब्दगतीसाठी दोन उतारे लागतात आणि ते कधीच अगदी सारखे कठीण नसतात. त्यामुळे पूर्वचाचणीत निम्म्या मुलांना पहिला आणि निम्म्यांना दुसरा उतारा द्यावा, उत्तरचाचणीत अदलाबदल करावी. अन्यथा सोपा उतारा नंतर आला, एवढ्यानेच सगळा वर्ग सुधारलेला दिसेल.