स्क्रब, बाम, टिंट: सहा महिन्यांनंतर दोषी ठरला बामातला पुदिना

ओठांवरची मेलेली साल घासून काढणारा साखरेचा स्क्रब, ओठ मऊ ठेवणारा बाम आणि ओठांना रंग देणारा पातळ टिंट, हे त्रिकूट मी सहा महिने वापरलं. चौथ्या महिन्यात खालच्या ओठाच्या कडेने पेन्सिलने आखल्यासारखी काळपट रेघ दिसू लागली. ओठ उजळावेत म्हणून चाललेल्या रूटीनने ओठांची कड काळी केली होती. पहिले तीन महिने या सगळ्याला मी पाचपैकी साडेचार गुण दिले असते. आता प्रत्येक वस्तूला वेगळे गुण द्यावे लागतील.

पहिला संशय स्क्रबवर गेला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. ओठांच्या त्वचेचा वरचा थर गालापेक्षा खूपच पातळ असतो आणि तिथे तेलग्रंथीही जवळजवळ नसतात. दाणेदार साखरेचे कोपरे टोकदार असतात. त्या साखरेने आठवड्यातून तीनदा घासलं की मेलेल्या सालीबरोबर जिवंत त्वचाही खरवडली जाते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत अशी दुखापत बरी होताना मागे काळा रंग सोडून जाऊ शकते. वर लिंबू पिळणं तर पूर्ण बंदच करा. लिंबाचा रस खूप आम्लधर्मी असतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर डाग आणखी गडद पडू शकतात.

पण स्क्रब बंद करूनही तीन आठवड्यांत रेघ तसूभर हलली नाही. मग बामाकडे लक्ष गेलं. दहा ग्रॅमची साडेतीनशे रुपयांची डबी, वर ‘नैसर्गिक’ असं छापलेलं, आणि घटकांच्या यादीत पुदिन्याचं तेल आणि मेन्थॉल. हा बाम लावल्यावर जो गारवा जाणवतो, त्यात ओठ खरंच थंड होत नाहीत. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना मेन्थॉल चेतवतं, एवढंच. दहा मिनिटं बरं वाटतं, अर्ध्या तासात ओठ पुन्हा ओढल्यासारखे होतात, जीभ फिरते, लाळ वाळताना आणखी ओलावा जातो आणि हात परत डबीकडे वळतो. दिवसातून आठ-दहा वेळा लावावा लागणारा बाम ओठांना पोसत नसतो, चिडवत असतो. ही मंद चीड महिनोन्‌महिने चालली की काळेपणा येतो. बाम ओठाची हद्द ओलांडून जिथवर पसरतो तिथवर तो येतो, म्हणून रेघ नेमकी कडेला होती.

कोरडेपणा कोणता आणि चीड कोणती, हे ओळखता येतं. साध्या कोरड्या ओठांना बाम लावला की दोन-तीन तास आराम पडतो आणि चार-पाच दिवसांत साल निघणं थांबतं. चिडलेले ओठ लावताक्षणी चरचरतात, त्यांची कड लालसर दिसते आणि कितीही लावलं तरी साल येतच राहते. खात्री करायची तर दोन आठवडे सगळं बंद ठेवायचं आणि बिनवासाची, बिनरंगाची पेट्रोलियम जेली तेवढी वापरायची. टूथपेस्टमध्येही पुदिना असतोच, म्हणून ब्रश करण्याआधी ओठांवर जेलीचा हात फिरवायचा आणि नंतर फेस नीट धुऊन टाकायचा. मग एकेक वस्तू आठवड्याच्या अंतराने परत आणायची. माझ्या बाबतीत बाम परत आणल्यावर तिसऱ्याच दिवशी चरचर सुरू झाली, टिंट आणल्यावर काहीच झालं नाही. नवा बाम घेताना तो आधी कोपराच्या आतल्या बाजूला सात दिवस, दिवसातून दोनदा लावून पाहावा. खाज किंवा लाली आली तर ओठांपर्यंत नेऊ नये.

पुदिना काढून टाकल्यावर उरलेलं रूटीन इतकं साधं आहे की साडेतीनशे रुपयांचं वाईट वाटतं. रात्री मुगाएवढी जेली लावून दहा मिनिटं थांबायचं. मऊ मलमलचं कापड कोमट पाण्यात पिळून मिनिटभर ओठांवर धरायचं आणि जोर न देता पाच-सहा वेळा गोल फिरवायचं. जी साल आपसूक सुटते तेवढीच काढायची. अडकलेली ओढली की रक्त येतं आणि तिथेच पुढचा डाग पडतो. हे आठवड्यातून एकदा पुरतं. साखर हवीच असेल तर पिठीसाखर खोबरेल तेलात कालवून पंधरा सेकंद, तीही पंधरवड्यातून एकदा. ओठ फुटून चीर पडली असेल तर काहीच घासायचं नाही. शेवटी ओठ किंचित ओले असतानाच जेली लावायची, कारण ती ओलावा देत नाही, असलेला अडवून धरते. मुंबईच्या दमट हवेत ओठ का उलतात, असं विचारणाऱ्यांनी एसी ऑफिसातले आठ तास मोजावेत.

शिया बटरवाला दुसरा बाम मे महिन्यात बॅगेत वितळला आणि नंतर रवाळ झाला. दुकानदार तो खराब झाला म्हणाला, पण तसं नसतं. शिया हळूहळू थंड झाला की त्यातली घट्ट चरबी आधी गोठून दाणे धरते. डबी गरम पाण्यात ठेवून बाम पूर्ण वितळवा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा, पुन्हा गुळगुळीत होतो. वास खवट आला असेल तरच फेका.

टिंटबद्दल माझं मत मात्र सुधारलं. डाग-डाग दिसतात म्हणून आधी मी त्याला नावं ठेवत होते. पाण्यासारखा पातळ टिंट कोरड्या सालीत जास्त मुरतो आणि तेलकट जागी धरतच नाही. म्हणून बाम लावून दहा मिनिटांनी टिश्यूने पूर्ण टिपायचा, टिंटचा एक थेंब ओठांच्या मध्यावर ठेवून बोटाने बाहेर थोपटायचा, अर्धा मिनिट वाळू द्यायचा आणि मग वरून जेली. वरचा ओठ गडद आणि खालचा गुलाबी असेल तर आधी फिक्या ओठावर दोन हात द्यायचे, गडदवर एकच. फिका गुलाबी रंग सावळ्या ओठांवर राखाडी दिसतो. विटकरी किंवा तपकिरी गुलाबी छटा चांगली मिसळते.

दिवसा उन्हात फिरणं असेल तर एसपीएफ ३० चा, लोहाच्या ऑक्साइडचा रंग असलेला बाम जास्त कामाचा. डबीवर सीआय ७७४९१ दिसलं की ते लाल लोह ऑक्साइड. काळेपणा वाढवणारा दृश्य प्रकाशही ते थोडाफार अडवतं, पातळ टिंटमधला विरघळणारा रंग ते करत नाही. वडापाव खाल्ला की बाम गेला असं समजून पुन्हा लावायचा.

पुदिना सोडून दोन महिने झाले. साल आठवड्यात थांबली, रेघ अर्धी फिकी झाली आहे. रंग उतरायला महिने लागतात. जन्मतः सावळे ओठ यातल्या कशानेही गुलाबी होणार नाहीत, आणि मिसरी, तंबाखू किंवा सिगारेट चालू असेल तर बामावर पैसे घालवू नका. एकच डाग वाढत असेल, त्याची कड वेडीवाकडी असेल किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर मुंबईत केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या त्वचा विभागाच्या ओपीडीत दाखवा.

गुण: कापड पाच, जेली पाच, टिंट चार, साखर दोन, पुदिन्याचा बाम शून्य.