परदेशी गेलेला नवरा आणि पोटगी: कलम १४४ की कौटुंबिक हिंसाचार कायदा?

नवरा लातूरहून नोकरीसाठी दुबईला गेला, वर्षभरात पैसे आणि फोन दोन्ही थांबले आणि बायको परभणीला माहेरी परतली, तर पोटगीसाठी तिच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. एक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे पूर्वीचे १२५, आणि दुसरा २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, ज्यात खर्चाचे पैसे बंद करणे हाही छळच मानला आहे. माझ्या धाकट्या बहिणीसाठी आम्ही दोन्ही अर्ज केले. ती राहते तिथेच दोन्ही दाखल होतात, त्यामुळे तिथे फरक पडत नाही.

फरक पडतो तो समन्सच्या बजावणीत. कलम १४४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगतो, पण हे दिवस मोजायचे ते नोटीस बजावल्याच्या तारखेपासून. दुबईचे समन्स अरबी भाषांतरासह केंद्रीय मंत्रालयामार्फत जाते. आमच्या प्रकरणात प्रत्येक तारखेला रोजनाम्यात ‘समन्स परत आले नाही’ एवढीच नोंद व्हायची आणि पुढची तारीख मिळायची. नवरा जाणूनबुजून टाळतो आहे अशी न्यायालयाची खात्री झाल्यास एकतर्फी सुनावणी होऊ शकते, पण ती खात्री पटवायची कशी, इथेच गाडे अडते. नव्या संहितेत घरातील कोणत्याही प्रौढ सदस्याकडे, म्हणजे सासूकडेही, समन्स देता येते, ही सुधारणा मोलाची आहे. मात्र ‘तो इथे राहतच नाही’ असे सासरच्यांनी सांगितले की पुन्हा वाद उभा राहतो.

हिंसाचार कायद्यात ६० दिवसांचे उद्दिष्ट पहिल्या सुनावणीपासून मोजले जाते आणि कलम २३ खाली केवळ प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी अंतरिम आदेश मिळू शकतो. बहिणीच्या हातात पहिला आदेश पडला तो याच अर्जावर.

वसुलीत तर मला हा मार्ग अधिकच उजवा वाटला. कलम १४४ चा वसुली वॉरंट दुबईत चालत नाही, आणि थकबाकीसाठी एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हिंसाचार कायद्याचे कलम २०(६) मात्र नवऱ्याच्या मालकाला किंवा त्याचे देणे लागणाऱ्याला थेट आदेश देऊ देते. दुबईची कंपनी असा आदेश मानेलच असे नाही. पण नवऱ्याच्या नावावर पुण्यात फ्लॅट होता आणि त्यात भाडेकरू राहत होता. भाडे न्यायालयात भरण्याचा आदेश त्या भाडेकरूला मिळाला. त्यासाठी फ्लॅटच्या दस्त नोंदणीचा इंडेक्स-२ उतारा आणि भाडेकराराची प्रत अर्जासोबतच जोडावी, कारण नंतर मागितल्यास बक्षीसपत्र होऊन मालमत्ता भावाच्या नावावर गेलेली असू शकते.

नवऱ्याच्या नावावर इथे काहीच नसेल, तर माझ्या मते कलम १४४ चा अर्जही सोबत चालू ठेवावा. हजर राहण्याचे समन्स वा वॉरंट निघाल्याचे पासपोर्ट प्राधिकरणाच्या नजरेस आणून दिले, तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) खाली पासपोर्ट जप्त होऊ शकतो, आणि परदेशात नोकरी करणाऱ्याला ही अडचण फार काळ टाळता येत नाही.