‘स्टेज फुल डेकोरेशन’ एवढ्यावर सही करू नका

रत्नागिरीजवळच्या एका हॉलमधल्या लग्नात डेकोरेटरने आमच्या घरच्यांना कसं फसवलं, ते मापांसकट लिहितोय. कोटेशनमध्ये चारच ओळी होत्या: स्टेज फुल डेकोरेशन, एन्ट्री फुलांची, टेबलं, लाइटिंग. खाली ठोक रक्कम. किती मीटर, किती किलो, किती नग, काहीच नाही. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

सगळ्यात मोठी चोरी स्टेजच्या कापडात झाली. बॅकड्रॉप 24 फूट रुंद आणि 10 फूट उंच होता. चुण्या भरगच्च दिसायला रुंदीच्या किमान दुप्पट, म्हणजे 48 फूट कापड लागतं. 44 इंची पन्ह्याच्या सॅटिनचे 13 पट्टे, वर-खाली दुमडायला धरून प्रत्येकी 11 फूट. एकूण साधारण 44 मीटर. प्रत्यक्षात 7 पट्टे ताणून टाचण्या मारलेल्या होत्या, म्हणजे जेमतेम 24 मीटर. मागचा लोखंडी पाइप दिसू नये म्हणून त्यावर निळा-जांभळा लाइट सोडला. त्या उजेडात पातळ कापड खपून जातं, पण नवरा-नवरीचे चेहरे फोटोत काळे-निळे येतात. म्हणून तपासणी हॉलचे पांढरे दिवे लावूनच करा. एक चुणी बोटांनी उघडा: दोन फूट कापडाची रुंदी एका फुटात बसलेली दिसली पाहिजे. एवढ्या स्टेजला मागच्या कापडासाठी 6 एलईडी पार लाइट आणि चेहऱ्यांसाठी समोरून 2 वॉर्म व्हाइट, असे नग लिहून घ्या.

एन्ट्रीला 8 फुटी तोरण आणि दोन्ही बाजूंना 8-8 फूट, प्रत्येक ठिकाणी 5 सरी. म्हणजे 120 फूट माळ. दाट ओवलेल्या मध्यम झेंडूच्या माळेत फुटाला 12 फुलं बसतात, म्हणजे 1,440 फुलं. त्यांनी फुटाला सहा-सातच घातली आणि मधे आंब्याची पानं. हाताला लागतील तिथे ताजी फुलं आणि डोक्यावर प्लास्टिकची. स्टुलावर चढून बघितल्याशिवाय हे कळत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “घाटात गाडी अडकली, माल कमी आला.” आपल्याकडे बराचसा झेंडू घाटावरून येतो, त्यामुळे ते खरं वाटतं. माल आदल्या रात्री हॉलवर उतरवून वजन करायचं, अशी अट घाला.

टेबलांचं थोडक्यात. 5 फुटी गोल, 30 इंच उंच टेबलाला जमिनीपर्यंत 120 इंची कापड लागतं. त्यांनी 90 इंची टाकलं, त्यामुळे सगळीकडे 15 इंच पाय उघडे.

उरलेले पैसे मांडणीनंतर, मापं टेपने बघूनच द्यायचे, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे पूर्ण रक्कम आदल्या दिवशीच गेली होती, म्हणून मुहूर्ताच्या तासभर आधी काही बदलून घेता आलं नाही.