तासाची मीटिंग नाकारून पंधरा मिनिटं मागताना: बटण, टीप की आधी निरोप?

आमंत्रण एक तासाचं आहे आणि त्यात तुमच्या वाट्याचं काम जेमतेम पंधरा मिनिटांचं. जायचं नाही हे ठरलंय, पण बोलावणाऱ्याला आपण त्याला मोजत नाही असंही वाटू द्यायचं नाही. अशा वेळी तीन वाटा असतात. एक म्हणजे कॅलेंडरमध्ये `No` दाबून खाली टीप लिहायची. दुसरी म्हणजे `Propose a new time` वापरून छोटी वेळ सुचवायची. तिसरी म्हणजे आधी निरोप पाठवायचा आणि बटणाला नंतर हात लावायचा.

तुलनेसाठी एकच प्रसंग धरू. पावसजवळची आंबा पॅकिंगची शेड, एप्रिलचा दुसरा आठवडा. पुण्याच्या खरेदीदाराकडच्या मॅडमनी गुरुवारी ११ ते १२ अशी ऑनलाइन मीटिंग लावली आहे. विषय 'पाठवणीचा आढावा', माणसं सहा. नेमकी हीच वेळ सकाळी उतरवलेला हापूस बागेतून शेडवर येण्याची. वजनाप्रमाणे वर्गवारी करून पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी वाशीची गाडी सोडायची असते. शेड सांभाळणारा तासभर फोनला चिकटला की पेट्या मागे पडतात आणि गाडीही.

टीप लिहून `No` दाबणं हे सगळ्यात झटपट. मला मात्र हीच वाट सगळ्यात जास्त खटकते, आणि त्यामागे एक छोटीशी गोष्ट आहे. बोलावणाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये विषयाच्या ओळीत सर्वांत आधी `Declined:` हा शब्द पडतो आणि तुमचं कारण खाली मजकुरात राहतं. फोनच्या सूचनेत तर बहुतेक वेळा वरची ओळच दिसते. तुम्ही टीप कितीही आदराने लिहा, ती वाचली जाण्याआधी नकार वाचून झालेला असतो. त्यानंतर वाचलेलं कारण सबबीसारखं वाटतं. आउटलुकमध्ये आणखी एक धोका आहे. उत्तर न पाठवता नाकारण्याचा पर्याय चुकून निवडला गेला, तर मीटिंग तुमच्या कॅलेंडरमधून जाते, पण समोर काहीच कळत नाही. मॅडम गुरुवारी ११ वाजता तुमची वाट बघत बसतील.

`Propose a new time` ही वाट दिसायला सभ्य, आणि दोघांचीच भेट असेल तर खरंच चांगली. वेळेबरोबर कालावधीही बदलता येतो: ११ ते १२ ऐवजी ३:१५ ते ३:३० टाकायचं, सोबत दोन ओळी लिहायच्या, झालं. अडचण येते ती माणसं जास्त असली की. हा प्रस्ताव 'माझ्यापुरती पंधरा मिनिटं द्या' असं सांगतच नाही. त्याचा अर्थ होतो, 'अख्खी मीटिंग हलवा आणि पाऊण तासाने कमी करा.' मॅडमनी तो मान्य केला तर सहाही जणांना नवी वेळ जाते, आणि बाकीच्या पाच जणांना तो तास कदाचित हवा असतो. शिवाय आउटलुकमध्ये बोलावणारा ही सोय बंद ठेवू शकतो, आणि दर आठवड्याच्या मालिकेसाठी एकगठ्ठा प्रस्ताव पाठवता येत नाही, एकेका दिवसासाठीच पाठवावा लागतो.

आता निरोप. फक्त मॅडमना, मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, आमंत्रण आलं त्याच दिवशी:

"मॅडम, गुरुवारी ११ ते १२ ला शेडवर माल उतरत असतो, त्यामुळे पूर्ण तास बसणं जमणार नाही. माझ्याकडून दोन गोष्टी ठरायच्या आहेत असं दिसतं: पुढच्या आठवड्यात किती पेट्या आणि गाडी कोणत्या दिवशी. आकडे बुधवारी संध्याकाळी ६ पर्यंत पाठवतो. त्यावर गुरुवारी ३:१५ किंवा शुक्रवारी ८:३० ला पंधरा मिनिटं बोललो तर चालेल का? सगळ्यांसमोरच ठरवायचं असेल, तर माझा विषय ११ वाजता सुरुवातीला घ्या, मी ११:१५ पर्यंत थांबतो."

यातला जीव दुसऱ्या वाक्यात आहे. आमंत्रण नीट वाचून आपल्याकडून काय हवंय हे तुम्ही ओळखलंय, हे त्यातून कळतं. ते वाक्य काढून टाका, मग उरलेला मजकूर 'मला वेळ नाही' एवढाच उरतो. तुमचा अंदाज चुकला असेल तर मॅडम लगेच सांगतात, "नाही हो, डागी फळाच्या कपातीबद्दलही बोलायचंय." तेवढ्यावरून पंधरा मिनिटं पुरणार नाहीत हे आधीच कळतं.

पंधरा हा आकडाही हवेतला नको. आकडे आधी पोचलेले असतील तर एका निर्णयाला साधारण पाच मिनिटं धरावीत आणि वर पाच मिनिटं नमस्कार-चमत्कार आणि आवाज नीट येईपर्यंत. दोन निर्णय म्हणजे पंधरा मिनिटं. चार असतील तर सरळ पंचवीस मागा. पंधरा मागून पस्तीस मिनिटं घेतली की पुढच्या वेळी तुमच्या 'थोडक्यात'वर कोणी विश्वास ठेवत नाही. वेळा दोनच द्याव्यात, आणि त्यातली एक त्याच दिवशीची असावी. 'कधीही फोन करा' हे ऐकायला मोकळं वाटतं, पण वेळ शोधायचं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. आपल्याकडच्या 'बघूया'चंही तसंच. गावात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, पुण्यात तो होकार धरला जातो.

मॅडमचं उत्तर येईपर्यंत आमंत्रणाला हात लावू नये. `Maybe` सुद्धा नको, कारण त्यातून ना वेळ कळते ना कारण. "३:१५ चालेल" असं आलं की पंधरा मिनिटांचं आमंत्रण तुम्ही स्वतः पाठवायचं, विषयात दोन्ही प्रश्न लिहायचे आणि मगच मूळ मीटिंगला `No`. तोपर्यंत `Declined:` या शब्दातली धार गेलेली असते. बटण दाबताना रेंज आहे ना तेवढं बघावं. बागेत दाबलेलं उत्तर कधी कधी फोनमध्येच अडकतं आणि मीटिंग सुरू झाल्यावर पोचतं.

या वाटेला मेहनत जास्त आहे हे मान्य. बुधवारचे आकडे वेळेवर गेले नाहीत तर सगळा डाव उलटतो. मग पहिल्याच दिवशी नुसतं `No` दाबलं असतं तर बरं, अशी गत होते. आणि सगळीकडे ती चालतही नाही. बोलणं दराचं असेल, किंवा मागच्या खेपेला फळ खराब निघालं म्हणून तक्रार असेल, तर पंधरा मिनिटं मागूच नयेत. तिथे समोरच्याला बोलून मोकळं व्हायचं असतं, आणि वेळ कापणं म्हणजे तोंड बंद करण्यासारखंच. तेव्हा तास पूर्ण द्यावा, हवं तर ४ वाजताचा मागावा. बोलावणारे बागायतदार संघाचे वयस्क अध्यक्ष असतील तर लेखी निरोपाऐवजी फोनच करावा: "काका, अकराला माल उतरतो, सव्वातीनला तुम्हाला पंधरा मिनिटं जमेल का?" मजकूर तोच, फक्त आवाजात.

दोघांचीच भेट, रोजची ओळख आणि विषय साधा असेल तर `Propose a new time` खुशाल वापरा, त्यात वावगं काही नाही. तिघांच्या पुढे माणसं गेली की मी तरी आधी निरोपच पाठवीन.