व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवरून महिन्याचा किराणा: काही महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही राजारामपुरीत राहतो आणि महिन्याचं सामान लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या दुकानातून येतं, सासऱ्यांच्या काळापासूनचं दुकान आहे ते. आधी यादीचा फोटो काढून पाठवायचो, पण आता दुकानदार काकांच्या मुलानं व्हॉट्सॲप बिझनेसवर सगळा कॅटलॉग लावलाय त्यामुळे गेले कितीतरी महिने त्यावरूनच ऑर्डर टाकतेय. एकंदरीत मला हे लई आवडलंय, पण कार्ट नेमकं काय करतं आणि काय करत नाही हे बऱ्याच जणांना नीट कळलेलं नाहीय असं दिसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

करायचं कसं ते सोपंय. दुकानाचं चॅट उघडायचं, वर नावाच्या बाजूला दुकानाचं छोटं चिन्ह असतं त्यावर दाबलं की कॅटलॉग येतो. आमच्या दुकानानं धान्य, डाळी, मसाले, गूळ-साखर असे वेगवेगळे कप्पे केलेत त्यामुळे शोधायला त्रास नाही. वस्तू उघडून `Add to cart` करायचं, नग कमी-जास्त करायचे, शेवटी `View cart` मध्ये सगळं एकदा बघून पाठवायचं. ऑर्डर चॅटमध्ये मेसेजसारखी जाते आणि दोघांनाही नंतर उघडून बघता येते. कुठल्या दुकानाच्या चॅटमध्ये कार्टचं बटणच दिसत नसेल तर आधी ॲप अपडेट करून बघा, तरी नाही आलं तर बहुतेक त्यांनी सेटिंगमधून कार्ट बंद ठेवलंय असं समजा, मग वस्तूवरूनच मेसेज करून विचारायचं.

आता खरी गोष्ट. कार्टमध्ये पूर्ण नग चालतात फक्त, म्हणजे एक, दोन, तीन. दीड किलो, पावशेर, "जरा जास्तच घाला" असलं काही तिथं लिहिता येत नाही. त्यामुळे दुकानदारानं वस्तू कुठल्या वजनात लावलीय यावर सगळं अवलंबून असतं. आमच्याकडं शेंगदाणे अर्ध्या किलोच्या पुड्यात लावलेत म्हणून दीड किलोला मी 3 नग टाकते आणि काम होतं. तेच जर फक्त एक किलोचं पाकीट लावलं असतं तर एक घ्या नाहीतर दोन, मधलं काही नाही. ज्वारी 5 किलोच्या पिशवीत आहे. शेजारच्या काकूंनी 10 किलो पाहिजे म्हणून नगात सरळ 10 टाकलं होतं, म्हणजे झाले 50 किलो! दुकानातून फोन आला म्हणून बरं. पण हे पाठवायच्या आधीसुद्धा ओळखता येतं, कारण कार्टमध्ये खाली अंदाजे एकूण रक्कम दिसते. पिशवी 250 ला आहे, दोन पिशव्यांचे 500 व्हायला पाहिजेत, तिथं 2500 दिसले की समजायचं काहीतरी घोळ आहे. म्हणून मी नगापेक्षा आधी तो आकडा बघते आणि महिन्याला साधारण किती होतात हे डोक्यात असतंच ना आपल्या.

तो आकडा अंदाजे आहे हे मात्र विसरू नका. बिल नाही ते. दुकानदारानं कॅटलॉगमध्ये जी किंमत टाकून ठेवलीय तिची ती बेरीज, आणि मिरचीचा भाव बाजारात चढला तरी कॅटलॉगमध्ये कोणीतरी जाऊन बदलेपर्यंत जुनाच दिसत राहतो. एखाद्या वस्तूला किंमतच लावली नसेल तर ती बेरजेत धरली जात नाही. घरपोच पोचवायचे पैसे पण त्यात नसतात.

मागच्या एका ऑर्डरचाच हिशोब सांगते म्हणजे कळेल. शेंगदाणे अर्धा किलो 75 प्रमाणे 3 नग म्हणजे 225, गुळाची एक किलोची ढेप 60 ची, अशा 2 म्हणजे 120, ज्वारीच्या 2 पिशव्या 500, ब्याडगी मिरची अर्धा किलो 200 ला, तिचे 2 नग 400. कार्टनं दाखवले 1245. पाठवल्यावर थोड्या वेळानं उत्तर आलं, "वहिनी मिरची 220 झाली, एक किलोची ढेप संपलीय, पाच किलोची आहे, चालंल का?" मी म्हटलं गूळ राहू दे, मिरची द्या. मग मिरचीचे 40 वाढले, गुळाचे 120 गेले, पोचवायचे 30 धरले, शेवटचं बिल 1195. यात कुणी फसवलं असं नाही, ऑर्डर पाठवणं म्हणजे आपली मागणी कळवणं एवढंच असतं आणि दुकानानं "होय" म्हटल्यावरच ती पक्की होते. निळ्या टिक म्हणजे त्यांनी वाचलं, घेतलं असा अर्थ नाही. म्हणूनच मी बिल येईपर्यंत पैसे टाकत नाही, कार्टमधल्या आकड्यावर आधीच यूपीआय करून बसलं की मग राहिलेल्या पैशांचा हिशोब दोघांच्याही डोक्याला ताप.

अजून एक, पाठवलेल्या कार्टमध्ये नंतर बदल करता येत नाही. साबुदाणा राहिला म्हणून दुसरं कार्ट पाठवलं की दुकानात दोन ऑर्डरी दिसतात, आणि गर्दीच्या वेळी दुसरी म्हणजे सुधारलेली यादी समजून पहिली बाजूला ठेवली जाऊ शकते. उलटंही होतं, बदल म्हणून सगळं परत पाठवलं तर दोन्ही सामान भरून येतं. यावर माझा उपाय असा की पहिल्या कार्टच्या मेसेजला स्वाइप करून त्यालाच रिप्लाय लिहायचा, "यात साबुदाणा अर्धा किलो वाढवा, बाकी तसंच". म्हणजे कुठल्या ऑर्डरबद्दल बोलतोय हे त्यांनाही दिसतं. पोचवायची वेळ, शेंगदाणे जाड द्या, पिशवी खालच्या मजल्यावर ठेवा, सगळं मी असंच लिहिते.

फायदा विचाराल तर सगळ्यात मोठा हा की वस्तूचा फोटो समोर असतो. आधी यादीत नुसतं "तूरडाळ" लिहिलं की दुसऱ्याच पाकिटातली यायची, परत करायला माणूस पाठवा, आता तेच पाकीट बघून टाकलेलं असतं त्यामुळे वाद नाही. सासूबाईंना वाचायला त्रास होतो पण फोटो बघून त्या स्वतः वस्तू सांगतात, मी टाकते.

सगळं मात्र कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. ॲपमध्ये 500 वस्तूंपर्यंतच लावता येतात आणि भरलेल्या किराणा दुकानात त्याहून जास्त माल असतो, त्यामुळे उदबत्ती, दोरा, गाळणी असलं काही मी कार्टनंतर टाइप करूनच मागते. दुकानदारांना एक विनंती आहे, रोज खपणाऱ्या वस्तू पाव, अर्धा आणि एक किलो अशा तिन्ही वजनांत वेगवेगळ्या लावा आणि वजन नावातच लिहा, "ज्वारी 5 किलो पिशवी" असं. फोटोखालच्या मजकुरात लिहिलेलं वजन घाईत कोण उघडून बघतंय?

चटणीचं सामान मात्र मी अजून फोनवरच ठरवते. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, यंदा तिखट कसं आलंय, डंकावर कधी नेताय, हे बोलल्याशिवाय जमत नाही, आणि काकाही फोनवर बोलल्यावरच त्यातली चांगली मिरची बाजूला काढून ठेवतात.