माती परीक्षणाच्या नावाखाली 56,640 रुपयांना फसलो, ते कसं ते वाचा

आधी ते पत्र देतो, कारण माझी चूक तिथूनच सुरू झाली. 9 जानेवारी 2024 ला मी एका माती परीक्षण करणाऱ्या फर्मला हा मेल पाठवला होता:

"सप्रेम नमस्कार. नाशिक जिल्ह्यात माझा तीन गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे. तळमजला अधिक एक मजला असं घर बांधायचं आहे. आर्किटेक्टने माती परीक्षण करून घ्यायला सांगितलं आहे. किती बोअर घ्यावे लागतील, किती खोल आणि एकूण खर्च किती येईल, ते कृपया कळवावं."

बस, एवढंच. मी 31 वर्षं लेखा विभागात काढली, दुसऱ्यांची बिलं तपासली, आणि स्वतःच्या घराच्या पायासाठी "एकूण खर्च किती" असं विचारून मोकळा झालो. पण मला सांगा, यापेक्षा वेगळं काय विचारायचं हे साध्या माणसाला कुठून माहीत असणार?

दोन तासांत उत्तर आलं. तीन बोअर, प्रत्येकी 6 मीटर, प्रयोगशाळेतल्या चाचण्या आणि रिपोर्ट धरून लमसम 48,000, वर 18 टक्के जीएसटी 8,640, एकूण 56,640. निम्मे आगाऊ. लेटरहेडवर एनएबीएलचा, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, शिक्का. जीएसटीचा हिशेब मी पैशापर्यंत जुळवून पाहिला, शिक्का मात्र पाहून सोडून दिला. एनएबीएलची मान्यता ठरावीक चाचण्यांपुरती असते आणि कोणत्या चाचण्यांसाठी ती दिली आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. मी ते मे महिन्यात पाहिलं. या प्रयोगशाळेची मान्यता सिमेंट आणि काँक्रीटच्या चाचण्यांची होती. मातीचा त्यात उल्लेखच नव्हता.

तीन बोअर ऐकून मी खूश झालो होतो. पायासाठी जमीन कशी तपासायची ते सांगणाऱ्या आयएस 1892 या भारतीय मानकाच्या 1979 सालच्या आवृत्तीत सुमारे 0.4 हेक्टर जागेवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच बोअर सांगितले होते, आणि छोट्या इमारतीला मध्यभागी एकही चालेल असं म्हटलं होतं. 0.4 हेक्टर म्हणजे जवळपास चाळीस गुंठे. माझ्या तीन गुंठ्यांत तीन बोअर म्हणजे माणूस काळजीने काम करतोय, असं मला वाटलं. आता कळतं की लमसम भावात न मारलेला प्रत्येक मीटर हा त्यांचा नफा असतो. तीन सांगायचे, एक मारायचा आणि बाकीचे दोन टेबलावर बसून लिहायचे.

20 जानेवारीला गाडी आली. मी 28,320 रुपये आधीच भरले होते. सकाळी साडेअकरापर्यंत मी तिथे होतो. पुढच्या बाजूचा पहिला बोअर माझ्यासमोर सुरू झाला. त्या दिवशी बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून मला निघावं लागलं. त्याला मी हलगर्जीपणा म्हणणार नाही. कुणीही गेलंच असतं.

चार वाजता परत आलो तर सामान आवरलेलं. तीन ठिकाणी तीन भोकं आणि बाजूला मातीचे छोटे ढीग. खिशात टेप होती. मनात काय आलं कुणास ठाऊक, मागच्या कोपऱ्यातल्या भोकात सुतळीला दगड बांधून सोडला आणि सुतळी मोजली. 1.9 मीटर. 6 मीटरच्या जागी 1.9!

हाच तो क्षण. वर्ष उलटून गेलं तरी रात्री डोळे मिटले की ती ओली सुतळी हातात दिसते. मी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "काका, भोक ढासळतं ना, रॉड काढला की बाजूची माती आत पडते." आणि मी मान डोलावली. टेप गुंडाळली आणि त्याच्या माणसांना चहा पाजला.

त्याचं म्हणणं ऐकायला खरं वाटतं, म्हणून मी फसलो. वाळूत किंवा भरावात भोक ढासळतंच. पण जिथे ढासळतं तिथे बोअरमध्ये केसिंग, म्हणजे लोखंडी पाइप, घालावा लागतो. त्यांच्या गाडीवर केसिंगचा एकही तुकडा नव्हता. आणि कोरड्या दिवसांतली घट्ट काळी माती अशी तासाभरात चार मीटर ढासळत नाही. हे मला पुढे दुसऱ्या फर्मच्या इंजिनिअरने एका वाक्यात सांगितलं. ते वाक्य मला त्या दिवशी हवं होतं.

दुसरी खूण शेजारच्या वहिनींनी दिली, तीही एप्रिलमध्ये. एसपीटी नावाची चाचणी असते. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटर उंचीवरून सोडतात आणि नमुना घेणारी नळी 30 सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. ठण् ठण् असा तो आवाज शेजारच्या घरात ऐकू आल्याशिवाय राहत नाही. वहिनी दिवसभर घरी होत्या. सकाळी आवाज आला, दुपारनंतर काहीच नाही, असं त्या म्हणाल्या. रिपोर्टमध्ये मात्र तिन्ही बोअरचे ठोके छापलेले आहेत.

रिपोर्ट चौथ्या दिवशी आला. उरलेले 28,320 देऊन मी तो घेतला. तिन्ही बोअरचे तक्ते शब्दशः सारखे: 0.6 मीटरपर्यंत काळी माती, 1.5 पर्यंत मुरूम, पुढे खडक. खडकाची कोअर रिकव्हरी, म्हणजे जेवढं खोदलं त्यातला किती खडक नमुना म्हणून वर आला ते, तिन्हीकडे, प्रत्येक खोलीला 62 टक्के. जमिनीखालचा खडक असा रांगोळी काढल्यासारखा सारखा नसतो. भूजल "6 मीटरपर्यंत आढळले नाही", आणि शेजारच्या विहिरीत तेव्हा दहा फुटांवर पाणी होतं! रिपोर्टची शेवटची ओळ वाचून थांबू नका, तक्ते एकमेकांशेजारी ठेवून पाहा. मी शेवटची ओळ वाचली: दीड मीटरवर प्रति चौरस मीटर 25 टन भार चालेल. तेवढी वाचून फाइल स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे दिली. त्याने त्यावर फूटिंग काढली. त्याला मी दोष देत नाही.

एप्रिलमध्ये जेसीबी लागला. पुढचे खड्डे ठीक, दीड मीटरवर मुरूम. मागच्या चार कॉलमना दीड मीटरवर काळी माती, दोनवर काळी, अडीचवर काळी. मुरूम लागला 3.2 मीटरवर. त्या कोपऱ्यातून पूर्वी ओढा जायचा आणि प्लॉट पाडताना तो बुजवला, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात तिथे हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या मी पाहिल्या होत्या. पत्रात लिहिलं नाही, कारण लिहिलं तर भाव वाढवतील असं वाटलं. जमिनीचा इतिहास लपवू नका. विहीर, ओढा, खाण, भराव, जे माहीत असेल ते पहिल्याच पत्रात लिहा.

काम थांबवून दुसऱ्या फर्मला पत्र लिहिलं. हे पत्र तुम्ही जसंच्या तसं वापरा:

"प्लॉट तीन गुंठे, घर तळमजला अधिक एक. मागच्या बाजूला बुजवलेला ओढा आहे. एक बोअर तिथे आणि एक पुढे घ्यावा. खोली तुम्ही सुचवा आणि तीच का ते लिहा. भाव माती-मुरमाचा आणि खडकाचा वेगळा, प्रति मीटर द्यावा. गाडी आणण्याचा खर्च, चाचण्या आणि रिपोर्ट यांचे आकडे वेगळे लिहावेत. प्रत्येक चाचणीचं नाव द्यावं, त्यात फ्री स्वेल हवीच. बोअर चालू असताना मी हजर राहीन आणि रॉड मोजीन. कोअर बॉक्स खोली लिहून जागेवरच दाखवावा. निम्मी रक्कम बोअर मोजून झाल्यावर, उरलेली रिपोर्टनंतर."

त्यांचं उत्तर: माती-मुरूम अंदाजे 8 मीटर, दर 1,000 प्रमाणे 8,000. खडक 4 मीटर, दर 2,500 प्रमाणे 10,000. चाचण्या 9,000. गाडी आणि रिपोर्ट 8,000. एकूण 35,000, जीएसटी 6,300, म्हणजे 41,300. पहिल्यापेक्षा स्वस्त, आणि दोन्ही बोअर खरे. मी खुर्ची टाकून दोन दिवस बसलो. त्यांचा रॉड दीड मीटरचा होता, चार रॉड आत गेले की 6 मीटर. मीटरच्या भावात जास्त मीटर दाखवण्याचा मोह असतो, म्हणून मोजणं दोन्हीकडे लागतंच.

फ्री स्वेल म्हणजे माती पाण्याने किती फुगते ते. बारीक चाळलेली सुकी माती दहा-दहा ग्रॅम दोन नळ्यांत घेतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि किमान 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. माझी माती रॉकेलमध्ये 10 मिलीलिटरवर राहिली आणि पाण्यात 18 वर गेली, म्हणजे 80 टक्के फुगवटा. पहिल्या रिपोर्टमध्ये 22 टक्के छापलं होतं. एवढी फुगणारी माती दर पावसाळ्यात पाया उचलते आणि दर उन्हाळ्यात खाली सोडते, मग भिंतींना तिरक्या भेगा पडतात.

मागचे चार कॉलम साडेतीन मीटरपर्यंत न्यावे लागले. जादा खोदाई, काँक्रीट आणि लोखंड 3,62,500. ठेकेदाराची माणसं बसून राहिली त्याचे 40,000. त्यात पहिल्या फर्मचे 56,640 मिळवा: 4,59,140 रुपये. काळी माती कुणी आणून टाकली नव्हती, हे मला कळतं. पण जानेवारीत खरं कळलं असतं तर मी घर बारा फूट पुढे घेतलं असतं आणि मागे बाग केली असती. प्लॅन मंजूर झाला, खड्डे खोदले गेले, तोपर्यंत ती वाट बंद झाली होती.

आता अधिकाऱ्यांचं ऐका. पोलीस ठाण्यात पाच वेळा गेलो. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्तात आहेत", दुसऱ्यांदा "अर्ज टाइप करून आणा", तिसऱ्यांदा "त्यांनी काम तर केलंय ना, रिपोर्ट तर दिलाय ना?" मी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी ठेवले. हवालदाराने एकही पान उलटलं नाही. चौथ्यांदा माझा अर्ज सापडेना. पाचव्यांदा म्हणाले, "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." न मारलेल्या बोअरचे आकडे छापून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? बांधकाम परवानगीच्या कार्यालयात गेलो तर तिथल्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या फाइलला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला पुरतो, माती परीक्षण खरं की खोटं ते त्या बघत नाहीत. मग बघतं कोण? घर खचल्यावर?

शेवटी ऑगस्ट 2024 मध्ये ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. घेतलेल्या सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील नसला तरी चालतो. एवढं एकच दार सरळ उघडलं. पण पहिली नोटीस "पत्त्यावर आढळले नाहीत" म्हणून परत आली. पैसे देण्याआधी ऑफिस डोळ्यांनी बघून या, मी फक्त वेबसाइट पाहिली होती. दुसरी नोटीस पोचली, आणि त्यांचा जबाब आला की "तक्रारदार स्वतः जागेवर हजर होते."

तक्रारीला मी दोन्ही रिपोर्ट, खड्ड्यांचे तारखेसह फोटो आणि वहिनींचं प्रतिज्ञापत्र जोडलं आहे. 1.9 मीटरच्या त्या भोकाचा फोटो मात्र माझ्याकडे नाही. मोबाइल खिशातच होता, पण टेप गुंडाळण्याच्या घाईत तो काढायचं सुचलं नाही.