आठ महिन्यांच्या वापरानंतर: टीव्ही उत्तम, पण सिनेमा लग्नाच्या कॅसेटसारखा दिसतो त्याचं काय केलं

गेल्या मंगळवारी रात्री टीव्हीने स्वतःहून अपडेट घेतलं. बुधवारी जेवणं उरकून आम्ही सिनेमा लावला, तर पहिल्याच प्रसंगात नट दारातून आत आला तो असा, की जणू आमच्याच हॉलमध्ये कुणीतरी कॅमेरा धरून उभं आहे. आठ महिन्यांपूर्वीचा तोच त्रास परत. म्हणून हा अनुभव आता सविस्तर लिहितो आहे.

टीव्ही ५५ इंची, ओएलईडी, १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणारा. रंग, काळेपणा, आवाज यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. लाखाच्या वर मोजले ते चित्रात दिसतात. एवढे पैसे मी टीव्हीवर आयुष्यात पहिल्यांदाच घातले, आणि ते सिनेमासाठीच. म्हणून ही एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपली.

पहिल्या रात्री लावला होता एक जुना कृष्णधवल मराठी सिनेमा. प्रिंट स्वच्छ केलेली, सावल्या सुंदर, पण माणसं हलली की सगळं गुळगुळीत, घसरल्यासारखं. आई लगेच म्हणाली, "अरे, हे तर आपल्या मंदाच्या लग्नाच्या कॅसेटसारखं दिसतंय." तिने नेमकं ओळखलं होतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. लग्नाचा व्हिडिओ कॅमेरा आणि दूरदर्शनच्या स्टुडिओत व्हिडिओवर घेतलेल्या मालिका आपल्याकडे सेकंदाला ५० अर्धचित्रांनी चालायच्या. आपल्या पिढीच्या डोळ्यांनी हे दोन प्रकार लहानपणापासून वेगळे ओळखलेत. नवा टीव्ही सिनेमाच्या दोन चित्रांच्या मध्ये स्वतः गणित करून नवी चित्रं घालतो, म्हणजे २४ चित्रांचा सिनेमा लग्नाच्या कॅसेटच्या चालीने चालायला लागतो. कथा तीच, नट तेच, पण सेट प्लायवूडचा आणि दाढी चिकटवलेली वाटायला लागते.

मी सर्व्हिसला फोन केला. आलेला मुलगा सभ्य होता, पण त्याने फॅक्टरी रिसेट केला आणि म्हणाला, "काका, पॅनल ओके आहे. उलट एवढं क्लिअर दिसतंय, लोक यासाठीच घेतात." रिसेटने फरक पडणारच नव्हता, कारण मध्ये नवी चित्रं घालायचं हे काम, म्हणजे स्मूदिंग, कारखान्यातून चालू होऊनच येतं. मी पुन्हा तक्रार नोंदवली, तेव्हा "दोष आढळला नाही" असा शेरा मारून व्हिजिट चार्ज लावायची भाषा झाली. टीव्ही वॉरंटीत असताना. दोन दिवस फोनवर वाद घातला आणि चार्ज रद्द करून घेतला. पण या सगळ्यात कुणीही एकदासुद्धा सांगितलं नाही की हे एका सेटिंगचं काम आहे.

ते सेटिंग सापडणं अवघड, कारण प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय. एलजीत TruMotion, सोनीत Motionflow, सॅमसंगमध्ये Picture Clarity. नाव काहीही असो, ते पिक्चरच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी 'मोशन' किंवा 'क्लॅरिटी'च्या खाली असतं. आत बहुधा दोन पट्ट्या असतात, एक जडरची म्हणजे गचक्यांची आणि एक ब्लरची म्हणजे हलत्या चित्राच्या धूसरपणाची. सिनेमाची चाल बिघडवते ती मुख्यतः जडरची पट्टी.

मी ते बंद केलं आणि सुटलो असं वाटलं. तीन दिवसांनी दुसऱ्या ॲपवर दुसरा सिनेमा लावला, तर पुन्हा कॅसेट. इथे माझा एक आठवडा गेला. कारण असं, की ही सेटिंग टीव्ही एका जागी ठेवत नाही. प्रत्येक पिक्चर मोडची वेगळी, साध्या चित्राची वेगळी, जास्त उजेड-अंधार दाखवणाऱ्या एचडीआरची वेगळी, त्याचाच एक प्रकार असलेल्या डॉल्बी व्हिजनची वेगळी, आणि काही टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय पोर्टचीही वेगळी. मी बंद केलं होतं ते फक्त साध्या चित्रासाठी. त्या दिवशीचा सिनेमा डॉल्बी व्हिजनमध्ये होता, आणि तो सुरू होताच टीव्ही गुपचूप त्याच्या वेगळ्या मोडवर गेला होता. सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात क्षणभर एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनचा बिल्ला चमकतो, तो बघायची सवय लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बदल करायचा तो त्या प्रकारचा सिनेमा प्रत्यक्ष चालू असतानाच. होम स्क्रीनवरून मेनू उघडला तर दिसतं ते साध्या चित्राचं सेटिंग, बाकीची दोन दिसतच नाहीत.

Filmmaker Mode असेल तर तो सोपा मार्ग. २०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि सिनेमा स्टुडिओंच्या संघटनेने दिग्दर्शकांच्या आग्रहावरून तो जाहीर केला. एक मोड निवडला की स्मूदिंग बंद आणि रंगही मूळचे. त्याच्या आदल्या वर्षी टॉम क्रूझने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरीबरोबर खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना हे सेटिंग बंद करायची विनंती केली होती. पहिले चार दिवस मला हा मोड पिवळट आणि अंधारा वाटला आणि मी तो सोडूनही दिला होता. माझं ते मत चुकीचं होतं. डोळ्यांना दुकानातल्या निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. आठवडाभर नेटाने बघितल्यावर चेहऱ्यांचे रंग खरे वाटायला लागले, आणि आता जुना मोड लावला तर चेहरे आजारी दिसतात. दिवसा पडदे उघडे असताना मात्र तो कमी पडतो. आणि डॉल्बी व्हिजनमध्ये आमच्या टीव्हीत हा मोड येत नाही. तिथे Cinema निवडून स्मूदिंग हाताने बंद करावं लागलं.

आता दुसरी अडचण, जिच्यामुळे मी स्मूदिंग परत चालू करायच्या बेतात होतो. टीव्हीच्या आतल्या ॲपवर सिनेमा छान, पण जुन्या टीव्हीबरोबर घेतलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवर तोच सिनेमा लावला की कॅमेरा आडवा फिरताना गचके बसायचे. बायको म्हणाली, "तुम्ही बंद केलंत म्हणून हे होतंय." मलाही तसंच वाटलं. मग मोबाइलच्या स्लो मोशनने टीव्हीचा पडदा चित्रित केला.

ही युक्ती कुणालाही करता येईल. मोबाइल सेकंदाला २४० चित्रं घेईल असं ठेवायचं, कॅमेरा सावकाश आडवा फिरतो असा प्रसंग लावायचा आणि पाच सेकंद चित्रण करायचं. मग ते संगणकावर व्हीएलसीत उघडून E ही कळ दाबत एकेक चित्र पुढे न्यायचं आणि टीव्हीवरचं चित्र किती वेळाने बदलतं ते मोजायचं. सिनेमाचं एक चित्र एक चोविसांश सेकंद टिकतं, म्हणजे मोबाइलच्या १० चित्रांएवढं. १०, १०, १० असं आलं तर सगळं ठीक; अधूनमधून ९ किंवा ११ आले तरी हरकत नाही. स्मूदिंग पूर्ण चालू असेल तर १२० हर्ट्झच्या टीव्हीवर दर दुसऱ्या चित्राला बदल दिसतो. डोळ्याला शंका असेल तिथे हे मोजमाप निकाल लावतं.

आतल्या ॲपवर मला १० आले. स्टिकवर आले १२, ८, १२, ८. म्हणजे स्मूदिंग बंदच होतं; स्टिक सगळं ६० हर्ट्झने पाठवत होती. २४ चित्रं ६० मध्ये समान बसत नाहीत, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवावं लागतं, आणि तोच गचका. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट जुळवायचा पर्याय होता, तो बंद होता. चालू केल्यावर सिनेमा सुरू होताना पडदा एक-दोन सेकंद काळा होतो, पण नंतर मोजलं तर १०, १०, १०. नवी स्टिक घ्यायचे पैसे वाचले.

एवढं करूनही ओएलईडीवर एक गोष्ट उरतेच. या पॅनलवर चित्र क्षणार्धात बदलतं, आधीचं चित्र जरासुद्धा रेंगाळत नाही, त्यामुळे उजळ प्रसंगात कॅमेरा मध्यम वेगाने आडवा फिरला की प्रत्येक चित्र सुटं सुटं दिसतं. सुरुवातीला माझा हट्ट होता की स्मूदिंग शून्यावरच हवं. तीन महिन्यांनी तो सोडला. आता जडरची पट्टी दहापैकी दोनवर आहे. दोनवर गचका बोथट होतो आणि चेहरे घसरत नाहीत. चारच्या पुढे कॅसेट सुरू होते. कुठे थांबायचं ते कळण्यासाठी माणूस खिडकीच्या गजांसमोरून किंवा कुंपणासमोरून चालत जातो असा प्रसंग लावा. स्मूदिंग जास्त असेल तर त्याच्या खांद्याभोवती पाण्यासारखी थरथर दिसते आणि गज वाकल्यासारखे होतात, कारण माणसामागचं न दिसलेलं कुंपण टीव्ही अंदाजाने भरतो. ब्लरच्या पट्टीबरोबर काळं चित्र मध्ये घालायचा पर्यायही होता. त्याने चित्र मंदावलं आणि डोळ्यांना लुकलुक जाणवली, म्हणून बंद ठेवला.

आईच्या मालिकांसाठी Standard मोडमध्ये स्मूदिंग तसंच चालू ठेवलंय. तिला मालिका अशाच बघायच्या आहेत, आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही. क्रिकेटला मात्र बंद. सेट टॉप बॉक्सवरून येणारं चित्र मुळातच ५० अर्धचित्रांचं असतं, आणि स्मूदिंगमध्ये उंच गेलेला चेंडू कधीकधी मध्येच गायब होतो.

दादरच्या मावशीकडे ४३ इंची, ६० हर्ट्झचा टीव्ही आहे. तिथे गेल्या महिन्यात स्मूदिंग बंद करून दिलं, पण १२-८ चा गचका राहिला. पॅनल ६० हर्ट्झवरच अडलेलं असेल तर तो सेटिंगने जात नाही. मावशीला तो कॅसेटपेक्षा बरा वाटला, म्हणून तसंच ठेवलं.

आता मंगळवारच्या अपडेटबद्दल. मोजून पाहिलं तर साधं चित्र आणि डॉल्बी व्हिजन जसंच्या तसं होतं, फक्त एचडीआरचा मोड मूळ सेटिंगवर गेला होता. तिन्हींची सेटिंग मी आठ महिन्यांपूर्वी वहीत लिहून ठेवली होती, म्हणून पाच मिनिटांत परत बसवली. कंपनीला लेखी कळवलंय की अपडेटने ग्राहकाची सेटिंग पुसू नये. उत्तर आलं की इकडे लिहीन. चित्राला पाचपैकी साडेचार, सर्व्हिसला एक.